बिल नंबर नोंदवहीत जन्मतो: सेवा व्यवसायासाठी पुन्हा पुन्हा वापरता येणारा बिलाचा नमुना

बरेच जण बिलाचा नमुना असा वापरतात: मागच्या महिन्याची फाईल उघडायची, नाव, रक्कम, तारीख बदलायची आणि ‘सेव्ह अॅज’ करायचं. पंधरा-वीस बिलांपर्यंत हे निभतं. मग एका बिलावर आधीच्या ग्राहकाचा जीएसटी नंबर तसाच राहतो, किंवा ४७ नंबरची दोन बिलं दोन वेगवेगळ्या कंपन्यांकडे जातात. चूक कळते ती पेमेंट अडकल्यावर, आणि तोवर त्या महिन्याचं रिटर्नही भरून झालेलं असतं.

या गोंधळाचं मूळ एकच आहे. नंबर, तारीख आणि रक्कम थेट बिलावर टाइप होतात. त्या आधी नोंदवहीत लिहायला हव्यात आणि बिलाने त्या तिथून फक्त उचलायला हव्यात. खालचा नमुना याच पायावर उभा आहे. तो गूगल शीट्समध्ये आहे. एक्सेलच्या नव्या आवृत्त्यांतही हीच सूत्रं चालतात.

उदाहरणाला नाशिकमधला एक नेहमीचा व्यवसाय घेऊ: अंबडला छोटं ऑफिस, काम एअर कॉम्प्रेसरच्या सर्व्हिसिंगचं, मालकी एकट्याची, जीएसटी नोंदणी आणि उद्यम नोंदणी दोन्ही आहेत. ग्राहक म्हणजे सातपूर, सिन्नरचे कारखाने आणि एखाद-दुसरा सीमेपलीकडे वापीचा. जीएसटी नोंदणी नसेल तर कराचे रकाने रिकामे ठेवा, कारण नोंदणीशिवाय कर लावता येत नाही. बाकीची रचना तशीच चालते. वार्षिक उलाढाल ५ कोटींच्या वर गेली असेल तर कंपन्यांना द्यायची बिलं सरकारी ई-इन्व्हॉइस पोर्टलवर नोंदवावी लागतात, तिथे एवढ्यावर भागणार नाही.

आधी चार शीट

एकाच फाईलमध्ये चार शीट करा: ‘ग्राहक’, ‘नोंद’, ‘ओळी’ आणि ‘बिल’. काही टाइप करण्याआधी `File > Settings` मध्ये जाऊन `Locale` हे `India` करा. ते `United States` राहिलं तर तुम्ही 10/07 म्हणजे १० जुलै लिहाल आणि शीट ती ७ ऑक्टोबर समजेल. ही चूक डोळ्यांना दिसत नाही, कारण सेलमध्ये आकडे तुम्ही लिहिले तसेच दिसतात. ओळखायची खूण अशी: १२ च्या पुढचे दिवस, म्हणजे 13/07 वगैरे, डावीकडे चिकटलेले दिसतात, कारण शीट त्यांना तारीख मानतच नाही.

‘ग्राहक’ शीटमध्ये A पासून F पर्यंत कोड, नाव, पत्ता, जीएसटी नंबर, राज्य कोड आणि ठरलेली मुदत (दिवसांत) हे रकाने ठेवा. राज्य कोड हाताने लिहू नका. जीएसटी नंबरचे पहिले दोन अंक म्हणजेच राज्य, महाराष्ट्राचा २७ आणि गुजरातचा २४:

```
=LEFT(D2,2)
```

ग्राहकाकडे जीएसटी नंबर नसेल तर हे सूत्र रिकामं राहतं, आणि पुढे शीट त्याला परराज्यातला समजून आयजीएसटी लावते. अशा ग्राहकासाठी सूत्र पुसून `'27` असं आधी अवतरण-टिंब देऊन लिहा. नुसतं 27 लिहिलं तर ती संख्या होते आणि मजकुराशी जुळत नाही. जीएसटी नंबर बरोबर १५ अक्षरांचा आहे का, हेही इथेच `=LEN(D2)` ने एकदा तपासा. एक अक्षर चुकलं तर तुमचं बिल ग्राहकाच्या क्रेडिटमध्ये दिसत नाही, आणि त्यांचं अकाउंट्स खातं ते दिसेपर्यंत पैसे सोडत नाही.

नंबर

जीएसटीच्या नियम ४६ नुसार बिल नंबर ओळीने चढता असावा, १६ अक्षरांपेक्षा मोठा नसावा, त्या आर्थिक वर्षात पुन्हा आलेला नसावा, आणि त्यात अक्षरं, अंक, आडवी रेघ व तिरकी रेघ एवढंच असावं. `NK/26-27/0047` हा नंबर १३ अक्षरांचा आहे. यात तीन अक्षरांची जागा उरते; तीही भरून टाकायचा मोह टाळा. कंपनीचं पूर्ण नाव, महिना, ग्राहकाचा कोड असं सगळं नंबरात कोंबलं की मर्यादा ओलांडते, आणि ग्राहकाचा माणूस त्याच्या सॉफ्टवेअरमध्ये तो टाइप करताना चुकतो.

‘नोंद’ शीटचे रकाने असे: A क्रम, B बिलाची तारीख, C बिल नंबर, D ग्राहक कोड, E पीओ नंबर, F मुदतीचे दिवस, G देय तारीख, H करपात्र रक्कम, I सीजीएसटी, J एसजीएसटी, K आयजीएसटी, L एकूण, M मिळाले, N टीडीएस, O बाकी. A मध्ये नुसता आकडा लिहायचा, 47. B मध्ये तारीख. C स्वतः तयार होतो:

```
=IF(A2="","","NK/"&TEXT(EDATE(B2,-3),"yy")&"-"&TEXT(EDATE(B2,9),"yy")&"/"&TEXT(A2,"0000"))
```

आर्थिक वर्ष एप्रिलला सुरू होतं म्हणून तारीख तीन महिने मागे नेऊन पहिलं वर्ष काढलं आहे आणि नऊ महिने पुढे नेऊन दुसरं. ३१ मार्च २०२७ चं बिल 26-27 मध्ये पडतं आणि १ एप्रिलचं 27-28 मध्ये. तेव्हा A मध्ये पुन्हा 1 पासून सुरुवात करा. काम मार्चमध्ये झालं आणि बिल एप्रिलमध्ये निघालं तरी नंबर बिलाच्या तारखेप्रमाणेच नव्या वर्षाचा. फक्त सेवा पुरवल्यापासून ३० दिवसांच्या आत बिल निघायला हवं, ही मर्यादा लक्षात ठेवा.

क्रम आपोआप वाढावा म्हणून A मध्ये ‘वरचा अधिक एक’ असं सूत्र घालायची कल्पना सुचते. ती घालू नका. मधली एखादी ओळ काढली किंवा ग्राहकाच्या नावाने शीट लावून घेतली की खालचे सगळे नंबर सरकतात, आणि तेच नंबर छापलेली बिलं तर आधीच ग्राहकांच्या फायलीत लागलेली असतात. क्रम हाताने लिहा आणि दुबार नंबर पकडायचं काम शीटवर सोपवा. C रकाना दुसऱ्या ओळीपासून निवडून `Format > Conditional formatting` मध्ये `Custom formula is` घ्या आणि लाल रंग द्या:

```
=AND(C2<>"",COUNTIF(C:C,C2)>1)
```

बिल पाठवून झालं की त्या ओळीचा C सेल कॉपी करून तिथेच `Ctrl+Shift+V` करा. सूत्र जातं, नंबर गोठतो. यानंतर कुणी तारखेला हात लावला तरी नंबर बदलत नाही.

बिल चुकलं तर ओळ पुसायची नाही. ते ग्राहकाकडे गेलंच नसेल तर E मध्ये ‘रद्द’ लिहा, त्याच्या ‘ओळी’तल्या रकमा शून्य करा आणि नवा नंबर घ्या. जीएसटीआर-१ मध्ये या नंबरपासून या नंबरपर्यंत किती बिलं काढली आणि त्यातली किती रद्द झाली, हे भरावं लागतं. तिथे गायब झालेल्या नंबराचा हिशेब लागत नाही. बिल ग्राहकाकडे पोचून रिटर्नमध्येही गेलं असेल तर जास्त लागलेली रक्कम क्रेडिट नोटने कमी करा, आणि क्रेडिट नोटांचा क्रम वेगळा ठेवा.

ओळी आणि रक्कम

‘ओळी’ शीटमध्ये कामाची प्रत्येक बाब एका ओळीत येते: A बिल नंबर, B तपशील, C एसएसी कोड, D नग, E दर, F रक्कम (`=D2*E2`). दुरुस्ती-देखभालीच्या सेवांचा चार अंकी एसएसी ९९८७; कंपन्यांच्या बिलावर ५ कोटींपर्यंतच्या उलाढालीला चार अंक पुरतात.

आपल्या उदाहरणात सातपूरच्या कारखान्यात सहा कॉम्प्रेसरची सर्व्हिस झाली, दर ६,५०० रुपये, म्हणजे ३९,०००. शिवाय दोनदा तातडीने बोलावलं, प्रत्येकी २,५००, म्हणजे ५,०००. करपात्र रक्कम ४४,०००. ‘नोंद’मध्ये ती H2 ला अशी येते आणि पुढचे I, J, K, L क्रमाने:

```
=SUMIF('ओळी'!A:A,C2,'ओळी'!F:F)
=IF(XLOOKUP(D2,'ग्राहक'!A:A,'ग्राहक'!E:E)="27",ROUND(H2*9%,2),0)
=I2
=IF(XLOOKUP(D2,'ग्राहक'!A:A,'ग्राहक'!E:E)="27",0,ROUND(H2*18%,2))
=H2+I2+J2+K2
```

सीजीएसटी ३,९६०, एसजीएसटी ३,९६०, एकूण ५१,९२०. हेच काम गुजरातमध्ये नोंदलेल्या वापीच्या कंपनीचं असतं तर ७,९२० रुपये आयजीएसटी लागला असता. एकूण तेवढंच, पण कर वेगळ्या खात्यात. चुकीच्या खात्यात भरलेला कर निस्तरणं फार कटकटीचं असतं, म्हणून हा निर्णय माणसाच्या आठवणीवर न ठेवता जीएसटी नंबरवर ठेवला आहे.

H मध्ये शून्य आलं तर बहुतेक वेळा ‘ओळी’मधल्या नंबरच्या शेवटी एक मोकळी जागा पडलेली असते. नंबर टाइप न करता ‘नोंद’मधून `Ctrl+Shift+V` ने आणला की हा प्रश्न येत नाही.

देय तारीख

‘३० दिवसांत पेमेंट करावे’ ही ओळ बिलावर पुरेशी वाटते, पण पैसे सोडणारा माणूस दिवस मोजत बसत नाही. त्याच्या समोर चाळीस बिलं असतात आणि तो तारखेप्रमाणे लावतो. म्हणून बिलावर पूर्ण तारीख हवी.

मुदतीचे दिवस F मध्ये प्रत्येक बिलाला हातानेच लिहा. ‘ग्राहक’ शीटमधून सूत्राने आणले, तर पुढच्या वर्षी त्या ग्राहकाची मुदत ३० वरून ४५ झाली की मागच्या सगळ्या बिलांच्या देय तारखा गुपचूप पुढे सरकतात. तसंच बिलाच्या तारखेत `TODAY()` कधीही घालू नका. फाईल सप्टेंबरमध्ये उघडली की जुलैचं बिल सप्टेंबरचं होतं. `Ctrl+;` दाबलं की आजची तारीख कायमची लिहिली जाते.

बिल १० जुलै २०२६ चं, मुदत ३० दिवस. नुसती बेरीज केली तर ९ ऑगस्ट येतो आणि तो रविवार आहे. एनईएफटी रविवारीही चालतं, पण अकाउंट्सचं टेबल बंद असतं, आणि ‘सोमवारी बघू’ म्हणता म्हणता बिल पुढच्या पेमेंटच्या फेरीत जातं. तारीख सुटीवर पडली तर ती मागे ओढा. G2 मध्ये:

```
=WORKDAY.INTL(B2+F2+1,-1,11)
```

शेवटचा 11 म्हणजे फक्त रविवार सुटी. आता उत्तर येतं शनिवार ८ ऑगस्ट. पण तो महिन्याचा दुसरा शनिवार, बँका बंद. चेकने पैसे देणाऱ्या ग्राहकासाठी 11 च्या जागी 1 लिहा, मग शनिवार-रविवार दोन्ही सुट्या धरून ७ ऑगस्ट येईल. कारखान्याची साप्ताहिक सुटी फक्त शनिवारी असेल तर 17.

मुदत किती ठेवायची याला कायद्याची चौकट आहे, आणि उद्यम नोंदणी असलेल्या सूक्ष्म-लघु व्यवसायाने ती बिलावर उतरवलीच पाहिजे. एमएसएमईडी कायद्याच्या कलम १५ प्रमाणे लेखी करार असेल तर जास्तीत जास्त ४५ दिवस, करार नसेल तर १५ दिवस. पीओवर ९० दिवस छापले असले तरी ४५ च्या पुढची मुदत या कायद्यापुढे टिकत नाही. उशीर झाला तर कलम १६ प्रमाणे बँक रेटच्या तिप्पट दराने, दरमहा चक्रवाढ व्याज लागतं. शिवाय आकारणी वर्ष २०२४-२५ पासून ही मुदत चुकवून वर्षअखेर थकीत ठेवलेली रक्कम खरेदीदाराला त्या वर्षी खर्च म्हणून वजा मिळत नाही, प्रत्यक्ष पैसे देईल त्या वर्षी मिळते. त्यांच्या सीएला हे माहीत असतं; बिलावर उद्यम नंबर दिसला की बिल आपोआप वेगळ्या गठ्ठ्यात जातं.

एक बारकावा इथे महत्त्वाचा. कायद्यातले दिवस बिलाच्या तारखेपासून धरले जात नाहीत, काम स्वीकारल्यापासून धरले जातात. सेवा दिल्यापासून १५ दिवसांत लेखी हरकत आली नाही तर सेवा दिली तोच दिवस स्वीकृतीचा मानला जातो. म्हणून बिलावर ‘काम पूर्ण झाल्याची तारीख’ ही एक ओळ ठेवा आणि कारखान्यातल्या सुपरवायझरची सही असलेला सर्व्हिस रिपोर्ट सोबत जोडा. त्या सहीशिवाय तारखेचा वाद लागला तर हातात काही राहत नाही.

‘बिल’ शीट आणि पैसे कुठे पाठवायचे

‘बिल’ शीटवर माणसाने हात लावायचा सेल एकच, F3. तिथे `Data > Data validation` ने ‘नोंद’च्या C रकान्याची यादी जोडा. नंबर निवडला की बाकी सगळं उचललं जातं. तारीख, देय तारीख, एकूण यांसाठी एकाच साच्याचं सूत्र आहे, फक्त शेवटचा रकाना बदलायचा:

```
=XLOOKUP($F$3,'नोंद'!C:C,'नोंद'!G:G)
```

ग्राहकाचं नाव-पत्ता आणताना आधी ‘नोंद’मधून ग्राहक कोड एका सेलमध्ये घ्या, मग त्या कोडवरून ‘ग्राहक’ शीटमधून बाकीचं. कामाच्या बाबींसाठी एकच सूत्र पुरतं, ते तक्त्याच्या पहिल्या सेलमध्ये:

```
=FILTER('ओळी'!B:F,'ओळी'!A:A=$F$3)
```

याच्या खाली बारा ओळी मोकळ्या सोडा. बाबी जास्त झाल्या आणि खाली बेरजेचा सेल आडवा आला की `#REF!` दिसतं. तेव्हा मध्ये ओळी वाढवायच्या, सूत्राला हात लावायचा नाही. रकमेला आपल्या पद्धतीचे स्वल्पविराम हवे असतील तर `Format > Number > Custom number format` मध्ये हे भरा:

```
[>=10000000]##\,##\,##\,##0.00;[>=100000]##\,##\,##0.00;##,##0.00
```

आता बँकेचा तपशील. तो बिलाच्या तळाशी बारीक अक्षरांत न ठेवता एकूण रकमेच्या लगेच खाली, चौकटीत ठेवा, आणि त्याच चौकटीत देय तारीख पुन्हा लिहा. खात्याचं नाव पासबुकावर आहे तसंच. खाते नंबर लिहिण्याआधी तो सेल `Format > Number > Plain text` करा. शीट संख्येचे पहिले १५ अंकच नेमके धरते. १६ अंकी खाते नंबर संख्या म्हणून लिहिला तर शेवटचा अंक शून्य होतो, आणि सुरुवातीला शून्य असेल तर ते गळतं. दोन्ही चुका वाचताना लक्षात येत नाहीत. आयएफएससी ११ अक्षरांचा असतो आणि त्यातलं पाचवं नेहमी शून्य असतं, इंग्रजी ओ नव्हे. क्यूआर लावायचा असेल तर बँकेच्या अॅपमधून डाउनलोड केलेलं चित्र लावा. युपीआयने एका वेळी साधारण १ लाखापर्यंतच पैसे येतात, त्यामुळे मोठ्या बिलाला खाते नंबरच हवा.

चौकटीत आणखी दोन वाक्यं घाला. एक: ‘पेमेंट करताना रिमार्कमध्ये 0047 लिहावे.’ पूर्ण नंबर मागू नका, रिमार्कमध्ये तिरक्या रेघा बऱ्याचदा गळतात आणि मजकूर अर्धा तुटतो. शेवटचे चार अंक टिकतात. दुसरं: ‘बँक खाते बदलल्याचे आम्ही ई-मेलने कळवत नाही, असा मेल आल्यास फोन करून खात्री करावी.’ खोट्या मेलवरून भलत्याच खात्यात पैसे जाण्याचे प्रकार होतात, आणि ही ओळ ग्राहकाला नेमक्या वेळी थांबवते.

`File > Download > PDF` करताना ए४, उभं, `Fit to width` निवडा आणि `Show gridlines` काढून टाका. फाईलच्या नावात तिरकी रेघ चालत नाही, म्हणून `NK-26-27-0047` असं नाव द्या. सेवेच्या बिलाच्या दोन प्रती लागतात, ग्राहकाची मूळ आणि आपली दुसरी. सही करून पाठवलेली पीडीएफ हीच खरी प्रत समजा; सहा महिन्यांनी शीटमधून तेच बिल पुन्हा काढलं तर ग्राहकाचा तेव्हाचा पत्ता न येता आजचा येईल.

पैसे आल्यावर

सातपूरच्या त्या कंपनीकडून ५१,९२० न येता ५१,४८० आले तर ४४० रुपये बुडाले असं समजू नका. तो टीडीएस आहे: एकट्याच्या मालकीच्या व्यवसायाला देखभालीच्या कंत्राटावर १ टक्का, आणि बिलावर जीएसटी वेगळा दाखवलेला असल्यामुळे तो ४४,००० वरच. ५१,९२० वर कापला असेल तर ५१९ रुपये गेलेले दिसतील; तसं दिसलं तर त्यांना लगेच कळवा. M मध्ये 51480, N मध्ये 440 लिहा. O मध्ये बाकी, आणि P मध्ये किती दिवस उशीर झाला ते:

```
=L2-M2-N2
=IF(AND(O2>0,C2<>"",TODAY()>G2),TODAY()-G2,"")
```

`TODAY()` ची योग्य जागा ही. नंबर, तारीख, मुदत गोठलेली हवी, उशीर मात्र रोज वाढत गेलेला दिसायला हवा. टीडीएसचे ४४० रुपये तिमाही संपल्यावर आयकर पोर्टलवर तुमच्या पॅनखाली दिसतात का ते तपासा. दिसत नसतील तर N मधला तो आकडा पिवळा करून ठेवा आणि पुढचं बिल पाठवताना सोबतच विचारा.